पोतं पंचवीस किलोचं, पुड्या किती?

सांगलीहून आलेलं हळद पुडीचं पंचवीस किलोचं पोतं बचत गटाच्या खोलीत उतरतं, आणि पहिला हिशेब तोंडीच होतो. पुडी वीस ग्रॅमची, म्हणजे एका किलोत पन्नास, पंचवीस किलोत साडेबाराशे. त्याच आकड्यावर पाकिटं मागवली जातात, दुकानदाराला शब्द दिला जातो आणि नफाही मांडला जातो. संध्याकाळी खोकी मोजली की बाराशेच्या आसपासच पुड्या निघतात. मग सगळ्यांची नजर जमिनीवर जाते: एवढी हळद सांडली कुठे?

बहुतेक हळद सांडलेली नसते. ती पुड्यांमध्येच असते. हे कसं, ते एका पोत्याच्या हिशेबात पाहू.

सुरुवात पोत्याच्या वजनापासून. न उघडलेलं पोतं काट्यावर २५.१२ किलो भरलं. काम संपल्यावर रिकामी गोणी आणि आतली प्लास्टिकची पिशवी झटकून वजन केलं, तर ते १८० ग्रॅम. म्हणजे हळद आली २४.९४ किलो, छापील वजनापेक्षा ६० ग्रॅम कमी. या साठ ग्रॅमच्या तीन पुड्या होतात. नुकसान छोटं आहे, पण पोतं फोडण्याआधी वजन केलं नसेल तर पुढची प्रत्येक तूट आपल्याच हाताच्या माथी येते.

दुसरी गोष्ट घट. पिशवीच्या घड्यांत साधारण ७० ग्रॅम हळद चिकटून राहिली. चाळणीवर ९० ग्रॅम गाठी आणि भरड उरली. टेबल, चमचे, हातमोजे आणि जमीन यांवर मिळून ८० ग्रॅम गेली. एकूण २४० ग्रॅम, जवळजवळ एक टक्का. जमिनीवरची हळद परत पोत्यात जाऊ शकत नाही, ती गेलीच. गाठी मात्र फोडून पुन्हा चाळता येतात, म्हणून त्या वेगळ्या डब्यात ठेवून वजन करावं. गाठी नेहमीपेक्षा जास्त निघाल्या तर पुडीला दमट हवा लागली आहे असं समजावं. अशी हळद चमच्यातही नीट बसत नाही. घट वजा जाता भरायला उरली २४.७० किलो. आणखी बारा पुड्या कमी झाल्या, हिशेब आला १२३५ वर.

आता खरा प्रश्न. पुडीवर ‘निव्वळ वजन २० ग्रॅम’ छापलं असलं तरी भरायचं किती? हाताने भरलेली प्रत्येक पुडी बरोबर वीसची होत नाही. एक १९.६, दुसरी २०.४, असं चालतं. आवेष्टित वस्तूंसाठीचे २०११ चे वैधमापन नियम हे मान्य करतात. पन्नास ग्रॅमपर्यंतच्या पाकिटात नऊ टक्क्यांपर्यंतची चूक चालते, म्हणजे वीस ग्रॅमची एखादी पुडी १८.२ पर्यंत खाली गेली तर चालून जाते. पण तपासणीत घेतलेल्या पुड्यांची सरासरी छापील वजनापेक्षा कमी भरता कामा नये. गट अनेकदा पहिली अट लक्षात ठेवतात आणि दुसरी विसरतात. सरासरी नेमकी वीसवर ठेवली तर तपासणीच्या मूठभर पुड्यांत हलक्या थोड्या जास्त आल्या तरी आपण खाली जातो. म्हणून भरण्याचं लक्ष्य थोडं वर ठेवावं लागतं. आपल्या या गटाने ते २०.३ ग्रॅम ठेवलं.

आता भागाकार करा. २४,७०० ग्रॅम भागिले २०.३, म्हणजे १२१६ पुड्या आणि पंधरा ग्रॅम शिल्लक. तोंडी हिशेबापेक्षा ३४ कमी. त्यातल्या तीन पोत्याच्या तुटीमुळे गेल्या, बारा घटीमुळे, आणि तब्बल एकोणीस त्या ०.३ ग्रॅममुळे. डोळ्यांना न दिसणारी चिमूट, पण सांडलेल्या सगळ्या हळदीपेक्षा तिनेच जास्त पुड्या खाल्ल्या.

ही चिमूट कमी करायची तर लक्ष्य नुसतं खाली आणून भागत नाही, आधी हात स्थिर व्हावा लागतो. पुड्यांमधला फरक कमी झाला की मगच लक्ष्य २०.१ वर आणता येतं, आणि त्याच पोत्यातून १२२८ पुड्या निघतात. फरक कुठून येतो, तेही ठरलेलं आहे. चमचा कधी शिगोशीग भरला जातो, कधी सपाट. पोत्याच्या वरची हळद मोकळी असते, तळाची दाबलेली, त्यामुळे तोच चमचा दुपारनंतर जास्त वजन उचलतो. म्हणून पोतं फोडल्यावर सगळी हळद परातीत मोकळी करून घ्यावी, चमचा पट्टीने सपाट करावा, आणि दर अर्ध्या तासाने दहा पुड्या एकत्र वजन करून सरासरी वहीत लिहावी. सरासरी चढत चालली की लगेच कळतं.

काटाही इथे महत्त्वाचा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमने आकडा बदलणारा काटा १९.५ लाही वीस दाखवतो आणि २०.४ लाही. घाबरून बायका एकवीस दिसेपर्यंत भरतात, आणि पोत्यामागे डझनभर तरी पुड्या तिथेच जातात. ०.१ ग्रॅम दाखवणारा, शिक्कामोर्तब झालेला काटा हवा. त्यावर पाकिटाचा धडाही करून घ्यावा. दहा रिकामी पाकिटं १३ ग्रॅम भरली, तर एकाचं वजन १.३, म्हणून आपली भरलेली पुडी २१.६ दिसायला हवी. धडा न करता वीसवर थांबलात तर आत १८.७ ग्रॅमच हळद असते. एकेक पुडी मर्यादेत बसते, पण सरासरी उघडउघड कमी, आणि गिऱ्हाईक फसतं.

समजा, संध्याकाळी १२१६ ऐवजी ११९३ च पुड्या भरल्या. सांडलवंडीवरून वाद घालण्याआधी चाळीसेक पुड्या वजन करा. सरासरी २०.७ निघाली तर कोडं सुटलं, कारण २४,७०० भागिले २०.७ म्हणजे ११९३ च. सरासरी २०.३ च निघाली, तर मात्र जवळपास ४८० ग्रॅम हळदीचा पत्ता नाही. मग घटीचा डबा, पोत्याचं वजन आणि खोक्यांची मोजणी पुन्हा तपासायची.

पाकिटांचा हिशेब वेगळाच धरावा. सीलच्या जागी हळदीचे कण अडकले की पाकीट नीट चिकटत नाही. आतली हळद परत घेता येते, पाकीट नाही. शंभरात तीन खराब जात असतील, तर १२१६ पुड्यांना १२५४ पाकिटं लागतात.

आणि हाच हिशेब दहा ग्रॅमच्या पुडीला तसाच लावू नये. तिथे पुड्या दुप्पट, म्हणून भरतानाची सांडही दुप्पट, ८० ऐवजी १६० ग्रॅम धरू. तोच ०.३ ग्रॅमचा जादा भराव आता पुडीच्या तीन टक्के होतो. २४,९४० मधून ३२० ग्रॅम घट वजा केली आणि १०.३ ने भागलं, तर २३९० पुड्या येतात. तोंडी हिशेबातल्या अडीच हजारांपेक्षा एकशे दहा कमी.