साठ दिवसांत राज्यशास्त्राची उजळणी

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला ‘राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ हा वैकल्पिक विषय घेणाऱ्यांच्या खोलीत डोकावलं, तर भिंतीवरचं वेळापत्रक बहुतेक वेळा एकाच धाटणीचं दिसतं. पहिले वीस दिवस राजकीय सिद्धांत, पुढचे वीस तुलनात्मक राजकारण, शेवटचे वीस आंतरराष्ट्रीय संबंध. दिसायला चोख, पण परीक्षेच्या दिवशी याच आखणीचा फटका बसतो. सिद्धांताला शेवटचा हात लावून तोवर चाळीस दिवस उलटलेले असतात. रॉल्सचं नाव आठवतं, पण त्याच्या न्यायतत्त्वांचा क्रम आठवत नाही.

भारतीय शासन आणि राजकारणाचा भाग सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरबरोबर बराचसा होऊन जातो. त्यामुळे तो बाजूला ठेवून या तीन विभागांपुरतं बोलू. साठ दिवसांची वाटणी सारखी नको. सिद्धांताला अठरा दिवस, तुलनात्मक राजकारणाला दहा, आंतरराष्ट्रीय संबंधांना सोळा आणि उरलेले सोळा दिवस फक्त प्रश्नपत्रिका आणि दुसऱ्या फेरीसाठी. दर रविवारी नवीन काही घ्यायचं नाही. आठवड्यात जे मागे पडलं, त्याच्यासाठी तो दिवस मोकळा ठेवायचा. काहीतरी मागे पडणार हे गृहीत धरलं नाही, तर पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक मोडतं आणि मग कुणी त्याकडे पाहतही नाही.

सिद्धांताला पहिला मान द्यायचा, कारण पुढचे दोन्ही विभाग त्याच्याच पायावर उभे आहेत. ‘राज्यसंस्था’ हा एकच घटक घ्या. पहिल्या आठवड्यात तो उदारमतवादी, मार्क्सवादी, बहुलवादी, स्त्रीवादी आणि उत्तर-वसाहतवादी अशा दृष्टिकोनांतून वाचला जातो. तिथेच हमझा अलवी भेटतो. 1972 साली पाकिस्तान आणि बांगलादेशाच्या संदर्भात त्याने मांडलं, की वसाहतीतली प्रशासन आणि लष्कराची यंत्रणा तिथल्या समाजातून वाढलेली नव्हती. स्थानिक वर्गांना ताब्यात ठेवण्यासाठी ती बाहेरून उभारली होती. म्हणून स्वातंत्र्यानंतरही ती समाजाच्या मानाने अवाढव्य राहिली आणि जमीनदार, देशी भांडवलदार व परकीय भांडवल यांच्यात मध्यस्थी करत बरीचशी स्वायत्त झाली.

पुढे तुलनात्मक राजकारणात विकसनशील समाजातल्या राज्यसंस्थेवर प्रश्न येतो, तेव्हा अलवीच उत्तराचा कणा होतो. आंतरराष्ट्रीय संबंधांत वास्तववाद वाचताना तो तिसऱ्यांदा उपयोगी पडतो. मॉर्गेंथाऊ राष्ट्रहिताची भाषा बोलतो, तेव्हा अलवी वाचलेला विद्यार्थी विचारू शकतो, हे हित नेमकं कुणाचं? परीक्षकाला हवा असलेला टीकात्मक परिच्छेद इथेच सापडतो. पण त्यासाठी पहिल्या आठवड्यातला अलवी सहाव्या आठवड्यात जिवंत असायला हवा.

तो जिवंत ठेवण्याचं काम रोजची पाऊण तासाची फेरी करते. दिवसाची मांडणी साधी असते. सकाळी तीन तास नवीन घटक, दुपारी जुन्याची फेरी, संध्याकाळी वेळ लावून दोन उत्तरं. फेरीत टिपणं उघडायची नाहीत, आधी कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा फरक नीट दिसला. उतारा वाचून लगेच चाचणी दिली, तेव्हा तो पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिलं, तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले होते. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ‘हे येतं’ असा भास होतो.

रॉल्सचंच पाहा. ‘ए थिअरी ऑफ जस्टिस’ 1971 सालचं. समजा, तो सोमवारी वाचला. मंगळवारी कोऱ्या कागदावर चार गोष्टी उतरायला हव्यात: मूळ स्थिती, अज्ञानाचा पडदा, दोन तत्त्वं आणि त्यांतला अग्रक्रम. अग्रक्रम हमखास निसटतो. समान स्वातंत्र्य आधी, मग संधीची समानता आणि मग भेदतत्त्व. म्हणजे सर्वांत वंचितांच्या फायद्यासाठीही मूलभूत स्वातंत्र्य गहाण टाकता येत नाही. निसटलेलं लाल शाईने भरायचं. शुक्रवारी पुन्हा कोरा कागद, या वेळी टीकाकारांसह: मालमत्तेच्या हक्कावरून नॉझिक, ‘समाजापासून सुटी व्यक्ती’ या कल्पनेवरून सँडेल, कुटुंबातल्या अन्यायाकडे दुर्लक्ष झालं म्हणून सुझन ओकिन, आदर्श संस्थांच्या शोधात अडकल्याबद्दल अमर्त्य सेन. त्यानंतर दोन आठवड्यांनी एकदा आणि शेवटच्या टप्प्यात एकदा. लाल शाई कमी होत गेली, तर उजळणी लागू पडतेय. तिसऱ्या फेरीतही तीच ओळ लाल राहिली, तर ती पाठ करण्याआधी मूळ युक्तिवाद पुन्हा समजून घ्यायला हवा.

तुलनात्मक राजकारणाचे दहा दिवस कमी वाटतील, पण अभ्यासक्रमातला हा भागच आटोपशीर आहे. इथे वेळ वाया जातो तो देशोदेशीच्या राज्यघटना पाठ करण्यात. अभ्यासक्रम मागतो तो तुलनेच्या पद्धती, राज्यसंस्थेची तुलना, पक्ष, दबावगट, सामाजिक चळवळी आणि जागतिकीकरण. सिद्धांत घ्या आणि देशांवर घासून पाहा. एका मतदारसंघातून एकच उमेदवार साध्या बहुमताने निवडायची पद्धत द्विपक्षीय व्यवस्थेकडे नेते, असं द्युव्हर्जेचं म्हणणं. भारतात पद्धत तीच, तरी पक्ष कितीतरी. कारण हा नियम मुख्यतः मतदारसंघाच्या पातळीवर चालतो; एकेका राज्यात लढत बरेचदा दोघांतच होते, पण ते दोघे प्रत्येक राज्यात वेगळे असतात. असा एक परिच्छेद पाच देशांच्या घटनांच्या याद्यांपेक्षा जास्त गुण मिळवून देतो.

आंतरराष्ट्रीय संबंधांत धोका बातम्यांचा आहे. रोज दोन तास परराष्ट्र घडामोडी वाचणाऱ्याला अभ्यास झाल्यासारखा वाटतो, पण उत्तरात निव्वळ घटनाक्रम उतरतो. म्हणून सोळांपैकी पहिले आठ दिवस फक्त दृष्टिकोन आणि संकल्पना. मॉर्गेंथाऊ सत्तास्पर्धेचं मूळ मानवी स्वभावात पाहतो, वॉल्ट्झ 1979 च्या पुस्तकात ते जागतिक व्यवस्थेच्या रचनेत शोधतो. हा फरक दोन वाक्यांत लिहिता येईपर्यंत बातम्यांना अर्ध्या तासापलीकडे जागा नाही. नंतरच्या आठ दिवसांत संयुक्त राष्ट्रं, युरोपीय संघ, आसिआन, सार्क वगैरे. तेव्हा प्रत्येक बातमीसमोर एकच नोंद: ही कोणत्या संकल्पनेचं उदाहरण?

शेवटचे सोळा दिवस घड्याळाचे. 250 गुणांना 180 मिनिटं, म्हणजे दहा गुणांच्या दीडशे शब्दांच्या उत्तराला जेमतेम सात मिनिटं, वीस गुणांना चौदा. आठांपैकी पाच प्रश्न सोडवायचे; पहिला आणि पाचवा सक्तीचा, प्रत्येकात दहा गुणांची पाच टिपणं. ही टिपणं अभ्यासक्रमात कुठूनही येतात, त्यामुळे एखादा घटक पूर्ण सोडून देणं परवडत नाही. दर तिसऱ्या दिवशी पूर्ण पेपर लिहायचा, दुसऱ्या दिवशी तो तपासायचा, तिसऱ्या दिवशी त्यात उघडी पडलेली भगदाडं बुजवायची. तपासताना आधी शेवटचं उत्तर पाहा. ते पहिल्याच्या निम्मं असेल, तर माहिती पुरेशी आहे आणि वेळ पहिल्या दोन प्रश्नांनी खाल्ला आहे. अशा वेळी आणखी वाचन करू नका. पुढच्या पेपरला समासात प्रत्येक उत्तराची संपण्याची वेळ आधीच पेन्सिलीने लिहून ठेवा आणि ती वेळ झाली की वाक्य पुरं करून पुढच्या प्रश्नाकडे वळा.