श्रवणयंत्र दुपारीच बंद पडते? आधी डॉक तपासा

सकाळी ७ वाजता कानाला लावलेले श्रवणयंत्र पूर्वी रात्री १० पर्यंत चालायचे, आता दुपारी ४ वाजताच बंद पडते. अशा वेळी बॅटरी संपली, असे लगेच समजू नये.

डॉक कसा आहे?
काही डॉकमध्ये यंत्र धातूच्या बारीक पिनांवर टेकते, तर काहींत पिनांशिवाय बिनतारी चार्जिंग होते. पिनांवर घाम किंवा कानातला मळ साचला की यंत्र डॉकमध्ये बसते, पण चार्ज होत नाही. पिना कोरड्या, मऊ कापडाने पुसाव्यात आणि चार्जिंगचा दिवा लागतो का, ते पाहावे.

रात्रभर ठेवावे का?
हो. श्रवणयंत्रातील लिथियम-आयन बॅटरी साधारण ३ ते ४ तासांत भरते आणि त्यानंतर चार्जिंग आपोआप थांबते. डॉक मात्र उन्हात किंवा ओलसर जागी नको.

टॉर्चचे काय?
स्वस्त टॉर्चमध्ये अनेकदा लेड-ॲसिड बॅटरी असते आणि चार्जिंग आपोआप थांबण्याची सोय नसते. त्यामुळे खोक्यावर लिहिलेले तास झाले की प्लग काढावा. ही बॅटरी रिकामी पडून राहिली तर कायमची खराब होते. वीज गेली नसली तरी टॉर्च अधूनमधून चार्ज करावी.

बॅटरी कधी बदलावी?
पिना स्वच्छ आहेत, दिवा लागतो, चार्जिंग पूर्ण होते आणि तरीही यंत्र दुपारीच बंद पडते, तर बॅटरी थकली आहे. श्रवणयंत्राची बंदिस्त बॅटरी सेवा केंद्रातच बदलावी. बॅटरी फुगली असेल, तर ते उपकरण पुन्हा चार्जिंगला लावू नये.