शत्रू किती वारांत मरावा?

रोल-प्लेइंग गेममध्ये नायकाची ताकद लेव्हलगणिक वाढते, म्हणून शत्रूचीही वाढवावी लागते. घोटाळा होतो तो वाढीच्या वेगात. समजा, नायकाचा वार पहिल्या लेव्हलला 10 चा आहे आणि दर लेव्हलला 2 ने वाढतो. शत्रूची हेल्थ 40 आहे, पण ती दर लेव्हलला 20 टक्क्यांनी, म्हणजे चक्रवाढीने वाढते. सुरुवातीला शत्रू 4 वारांत पडतो, दहाव्या लेव्हलला 8 वार लागतात आणि विसाव्याला तब्बल 27. ही लढाई कठीण नव्हे, कंटाळवाणी होते. 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये वरच्या लेव्हलच्या काही शत्रूंबाबत खेळाडूंची हीच तक्रार होती.

म्हणून आधी वारांची संख्या ठरवावी आणि हेल्थ त्यावरून काढावी. विसाव्या लेव्हलला वार 48 चा असतो. शत्रू 6 वारांत पडायला हवा, तर हेल्थ 288.

शत्रूचा मारा मात्र वेगळा ठरवून चालत नाही, आणि माझ्या मते खरी चूक इथेच होते. सुरुवातीला नायक 10 फटके सोसतो आणि 4 फेऱ्यांत जिंकतो, म्हणजे साधारण 40 टक्के हेल्थ गमावतो. पुढे तो 7 च फटके सोसत असेल आणि लढाई 6 फेऱ्यांची झाली असेल, तर नुकसान 86 टक्क्यांवर जाते. दोन्ही आकडे थोडेच हलले, पण त्यांचा परिणाम गुणाकाराने वाढला. मग 5 वार आणि 8 फटके धरावेत. नुकसान 62.5 टक्क्यांवर येते. चाचणीत खेळाडू एकाच लेव्हलला वारंवार मरत असतील, तर आधी हे प्रमाण तपासावे.