एकाच कारखान्याच्या दोन किमती

उस्मानपुऱ्यातून रेल्वे स्टेशनच्या बाजूने निघून पैठण रस्त्याला लागलं, की नक्षत्रवाडी, कांचनवाडी मागे पडतात आणि पुढे चितेगाव येतं. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचा नोंदणीकृत पत्ता इथलाच. या शहरातल्या किती घरांचे पगार आणि किती छोट्या कारखान्यांची बिलं त्या फाटकावर अवलंबून होती, हे इथल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. ही कंपनी जून २०१८मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढे समूहातल्या तेरा कंपन्यांचं प्रकरण एकत्र करण्यात आलं. त्यांच्या मालमत्तेच्या दोन किमती काढल्या गेल्या आणि जून २०२१मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या आदेशातून त्या सगळ्यांसमोर आल्या. एक होती सुमारे ४,०७० कोटी रुपयांची आणि दुसरी सुमारे २,५६८ कोटींची.

जमीन तीच होती, शेड तेच होते, यंत्रंही तीच होती. तरी किमतीत दीड हजार कोटींचा फरक पडला. त्यात कुणी हिशेबात गडबड केली होती असं नाही. दिवाळखोरी संहितेखालच्या नियमांनुसार नोंदणीकृत मूल्यांककांकडून या दोन्ही किमती काढून घ्याव्याच लागतात, आणि त्याही एकाच दिवशीच्या. पहिलीला फेअर व्हॅल्यू म्हणतात, म्हणजे रास्त किंमत. घेणारा राजीखुशीने घेतोय, विकणारा राजीखुशीने विकतोय, मालाची नीट जाहिरात झाली आहे आणि कुणाच्याही मानेवर सुरी नाही, असं धरून ती काढतात. दुसरी लिक्विडेशन व्हॅल्यू. कंपनी त्याच दिवशी मोडीत काढली तर मालमत्तेचे किती पैसे हातात येतील, हा तिच्यामागचा प्रश्न.

हा फरक येतो कुठून, ते समजायला कुठल्याही ताळेबंदाच्या मुळाशी असलेलं एक गृहीतक आधी पाहावं लागतं. लेखापाल त्याला ‘गोइंग कन्सर्न’ म्हणतात. धंदा पुढेही चालणार आहे, तो बंद करण्याचा मालकांचा विचार नाही आणि तशी वेळही आलेली नाही, असं धरूनच हिशेब मांडले जातात. ज्या पायाभूत गृहीतकांवर हिशेब मांडतात आणि जी पाळली जात असतील तर वेगळी सांगावीही लागत नाहीत, त्यांत हे एक आहे. सांगावं लागतं ते मोडलं तर. त्यामुळे ताळेबंद वाचणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

व्हिडिओकॉनचे आकडे फार मोठे आहेत, म्हणून इथे एक छोटा कारखाना कल्पू. वाळूज औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये प्लास्टिकचे सुटे भाग बनतात. गिऱ्हाईक मुख्यतः एकच मोठी कंपनी, बारा कामगार, मालक उस्मानपुऱ्यात राहणारे. त्यांच्या ताळेबंदात ८५ लाखांची मालमत्ता आणि ६० लाखांचं देणं आहे. म्हणजे पुस्तकाप्रमाणे मालकाचे स्वतःचे २५ लाख धंद्यात आहेत.

आता एकेक ओळ पाहू. मोल्डिंगचं यंत्र ४० लाखांना घेतलं होतं. त्याचं आयुष्य दहा वर्षं धरलं, त्यातली चार गेली, म्हणून १६ लाखांचा घसारा वजा होऊन पुस्तकात २४ लाख उरले आहेत. हे २४ लाख म्हणजे यंत्राचा बाजारभाव नव्हे. आधीच झालेल्या खर्चापैकी अजून जो हिशेबात घ्यायचा राहिला आहे, तेवढाच तो आकडा. उरलेली सहा वर्षं यंत्र चालेल आणि त्यावर निघणाऱ्या मालातून ही रक्कम वसूल होईल, असा त्याचा अर्थ. ती सहा वर्षंच येणार नसतील तर २४ लाखांना आधार राहत नाही. मग किंमत ठरवतो तो दारात उभा असलेला जुन्या यंत्रांचा व्यापारी. क्रेन, गाडी, उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च तो आधी वजा करतो. यंत्र बंद पडलं तर जबाबदार कोण, हेही तो विचारतो. आणि शेड महिनाअखेरीला रिकामं करायचं आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तो ११ लाख देईल असं धरू.

सगळ्यात मोठी पडझड होते ती डाय आणि मोल्डची. पुस्तकात त्यांचे ९ लाख आहेत. पण तो मोल्ड एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या एकाच भागासाठी कोरलेला आहे. ऑर्डर येत असेतोवर तो कारखान्याचा प्राण असतो. ऑर्डर थांबली की उरतं ते पोलाद, आणि ते वजनावर जातं. मिळाले तर लाखभर रुपये. मालमत्ता जितकी एका कामाला घट्ट बसवलेली, तितकी ती बंद दारामागे निरुपयोगी ठरते. मूल्यांकक कारखान्यात फिरताना हे यंत्र दुसरीकडे चालेल का, हा प्रश्न सारखा विचारतात तो त्यामुळेच.

मालाचीही तीच गत. ८ लाखांचे प्लास्टिकचे दाणे दुसरा कुणीही वापरू शकतो, म्हणून त्यांचे ६ लाख येतील. ७ लाखांचा तयार माल फक्त त्या एका गिऱ्हाइकाच्या कामाचा, तोही पडेल भावाने ३ लाखांत जाईल. अर्धवट तयार ५ लाखांचा माल मात्र दळून पुन्हा दाणे करण्याच्या लायकीचा, त्याचे अर्धा लाख आले तरी पुष्कळ. आगाऊ भरलेला विमा आणि सॉफ्टवेअर मिळून जे २ लाख दिसतात, ते शून्य होतात. त्यांचा उपयोग उद्या होणार होता आणि तो उद्या आता नाही. राहिली ३० लाखांची येणी. धंदा चालू असताना गिऱ्हाईक पैसे देतं, कारण त्याला पुढचा माल हवा असतो. धंदा बंद होतोय हे कळलं की जुन्या लॉटमधले दोष आठवतात, डेबिट नोटा येऊ लागतात. २१ लाख हाती लागतील असं धरू.

बेरीज केली तर ८५ लाखांचे साडेबेचाळीस लाख झाले. आणि दुसरी बाजू जागची हलली नाही असंही नाही, तिथे देणं वाढलं. ग्रॅच्युइटीची तरतूद आधीच केलेली आहे असं धरलं तरी कारखाना बंद करताना कामगारांना भरपाई द्यावी लागते. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, असा तिचा हिशेब असतो. बारा कामगार, प्रत्येकाची दहा वर्षं, महिना १६ हजार पगार धरला तर माणशी ८० हजार आणि एकूण ९ लाख ६० हजार होतात. धंदा चालू आहे तोवर हा आकडा ताळेबंदात कुठेच नसतो. आता देणं सुमारे ७० लाखांवर गेलं. पुस्तकात २५ लाखांची शिल्लक दाखवणारा कारखाना प्रत्यक्षात सत्तावीस लाखांच्या तुटीत आहे, आणि कालपर्यंतचा एकही आकडा खोटा नव्हता.

मोडीतली किंमत नेहमी कमीच येते, हा समज मात्र बरोबर नाही. याच मालकाने वीस वर्षांपूर्वी वसाहतीत स्वतःचा भूखंड घेतला असता, तर तो पुस्तकात जुन्या दरानेच पडून राहिला असता. भूखंड भाडेपट्ट्याचा असल्याने हस्तांतरणासाठी औद्योगिक विकास महामंडळाला शुल्क द्यावं लागलं असतं. तरीही विक्रीची रक्कम पुस्तकी आकड्याच्या कितीतरी वर गेली असती. बंद कारखान्यांच्या बाबतीत जमीन हीच खरी मालमत्ता, हे महाराष्ट्राने मुंबईच्या गिरण्यांच्या वेळी पाहिलं आहे.

धंदा पुढे चालेल या गृहीतकाचा आधार सुटला, हे ठरवायचं कुणी? पहिली जबाबदारी व्यवस्थापनाची. ताळेबंदाच्या तारखेपासून किमान बारा महिने पुढे पाहून त्यांनी अंदाज बांधायचा असतो. कंपनी असेल तर, हिशेब या गृहीतकावर मांडले आहेत, असं संचालकांना लिहून द्यावं लागतं. तो अंदाज पटण्यासारखा आहे का, हे लेखापरीक्षक तपासतो. गंभीर शंका असेल पण आशा संपलेली नसेल, आणि कंपनीने ती टिपांमध्ये नीट सांगितली असेल, तर त्याच्या अहवालात ‘मटेरियल अनसर्टन्टी रिलेटेड टू गोइंग कन्सर्न’ अशा मथळ्याचा स्वतंत्र परिच्छेद येतो. तेव्हाही आकडे जुन्याच पद्धतीचे असतात, इशारा तेवढा जोडलेला असतो. बंद करायचं ठरलंच, किंवा दुसरा मार्गच उरला नाही, तर मात्र मांडणी बदलते. मालमत्ता हाती येणाऱ्या रकमेवर आणि देणी फेडावी लागणाऱ्या रकमेवर येतात. वर्ष संपल्यानंतर, पण हिशेब मंजूर होण्याआधी, हा निर्णय झाला तरी ३१ मार्चचा ताळेबंद जुन्या गृहीतकावर ठेवता येत नाही.

माझ्या मते खरी फसगत होते ती शंका येणं आणि बंद करायचं ठरणं यांच्या मधल्या काळात. कोणत्याही मालकाला आपला धंदा संपतोय हे लिहून द्यायचं नसतं, आणि तसं लिहिलं तर बँक दुसऱ्या दिवशी हात आखडता घेईल ही भीतीही खरी असते. म्हणून ताळेबंदाच्या तळच्या बेरजेपेक्षा इतर खुणा जास्त बोलतात. प्रॉव्हिडंट फंडाचा भरणा लांबतो. कॅश क्रेडिटची मर्यादा कायम भरलेली राहते. अल्प मुदतीचं कर्ज काढून लांबच्या मुदतीचे हप्ते फेडले जातात. नफा दिसतो, पण धंद्यातून रोकड येत नाही. अशा कंपनीची ‘निव्वळ मालमत्ता’ वाचताना वरच्या मोल्डची ओळ आठवावी.

पुन्हा चितेगावकडे. कर्जदात्यांच्या समितीने वेदांता समूहातल्या ट्विन स्टार टेक्नॉलॉजीजचा सुमारे २,९६२ कोटींचा प्रस्ताव पसंत केला. मान्य झालेले दावे होते ६४,८३८ कोटींचे, म्हणजे शंभर रुपयांच्या दाव्यामागे साधारण साडेचार रुपये. न्यायाधिकरणाने प्रस्ताव मंजूर केला, पण बोली मोडीतल्या किमतीच्या फार जवळ आहे याकडे बोट दाखवलं. ही किंमत बोली लावणाऱ्यांपासून गुप्त ठेवायची असते. त्यामुळे गोपनीयता पाळली गेली का, हे नादारी व दिवाळखोरी मंडळाने पाहावं, असंही आदेशात सुचवलं. पुढे जानेवारी २०२२मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द करून प्रकरण समितीकडे परत पाठवलं.

जून २०२१च्या त्या आदेशात आणखी एक आकडा होता, आणि वाळूजच्या छोट्या कारखानदाराने तो सगळ्यात आधी वाचायला हवा. माल आणि सेवा पुरवणाऱ्यांच्या वाट्याला त्यांच्या दाव्याच्या जेमतेम ०.७२ टक्के रक्कम येत होती. कायद्याने त्यांना किमान तेवढं मिळायला हवं, जेवढं कंपनी मोडीत काढली असती तर मिळालं असतं. पण मोडीच्या पैशांवर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेल्या बँका, असा क्रम लागतो. पुरवठादारापर्यंत पोचेतो बहुधा काही उरलेलं नसतं. म्हणजे मोठ्या कंपनीच्या मोडीतल्या किमतीवर छोट्याची येणी ठरतात, आणि ती ३० लाखांची येणी बुडाली की त्याच्या स्वतःच्या ताळेबंदावर लेखापरीक्षकाला तोच बारा महिन्यांचा प्रश्न विचारावा लागतो. याच कारणाने अनेक छोटे उद्योग दिवाळखोरीत ओढले जाऊ शकतात, ही भीती न्यायाधिकरणाने त्या आदेशातच नोंदवली होती.