एका लघुपटाच्या आधारावर सहायक अ‍ॅनिमेटरचा अर्ज

सहायक अ‍ॅनिमेटरच्या जागेसाठी अर्ज करताना शोरीलसोबत एक कव्हर लेटर पाठवले जाते. पात्र कसे हलते, वजन जाणवते का, हे रीलमध्ये दिसतेच. त्यातले कोणते काम उमेदवाराने स्वतः केले आणि दहा जणांच्या साखळीत तो कसा काम करील, हे मात्र पत्रातूनच कळते.

या पदावरचा माणूस सहसा स्वतंत्र दृश्य रचत नाही. टूडीमध्ये तो मुख्य पोझच्या मधली चित्रे भरतो आणि रेषा स्वच्छ करतो; थ्रीडीमध्ये दुसऱ्याचा शॉट पॉलिश करतो, सूचनांनुसार दुरुस्त्या करतो. म्हणूनच नवख्या उमेदवाराने अर्धवट राहिलेल्या पाच प्रकल्पांपेक्षा पूर्ण केलेल्या एकाच लघुपटावर पत्र उभे करावे. शेवटच्या कंटाळवाण्या दुरुस्त्यांपर्यंत तो टिकला, याचा तो पुरावा असतो.

समजा, उमेदवाराने ब्लेंडरमध्ये ९० सेकंदांचा लघुपट केला आहे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ते २,१६० फ्रेमचे काम होते. ‘मी एक सुंदर लघुपट बनवला’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘स्टोरीबोर्ड आणि सर्व १४ शॉटचे अ‍ॅनिमेशन माझे आहे. पात्राचा रिग मोफत उपलब्ध असलेला वापरला, संगीत मित्राचे आहे. सातव्या शॉटमध्ये म्हातारी पाण्याची घागर उचलते. तिथे वजन येत नव्हते, म्हणून कंबरेची हालचाल हातांच्या आधी सुरू केली.’ रिग दुसऱ्याचा असणे हा दोष नाही. ते लपवलेले मुलाखतीत उघड झाले, तर मात्र विश्वास जातो.

पाइपलाइन शिकण्याची इच्छाही अशीच ठोस असावी. स्टुडिओत लेआउट, रिगिंग, अ‍ॅनिमेशन, लाइटिंग आणि कंपोझिटिंग ही कामे वेगवेगळ्या हातांतून जातात. एकट्याने काम करताना फाइलला ‘फायनल२’ नाव दिले तरी चालते. स्टुडिओत sh040_anim_v003 यासारखे ठरलेले नावच लागते, नाहीतर पुढचा विभाग जुनीच आवृत्ती उचलतो. त्यामुळे ‘मला शिकायची खूप आवड आहे’ यापेक्षा हे अधिक बोलते: ‘लघुपटात रिग प्रत्येक फाइलमध्ये कॉपी केला होता, खांद्यात बदल झाल्यावर सर्व १४ फाइल पुन्हा दुरुस्त कराव्या लागल्या. रिग एकाच ठिकाणी ठेवून सर्व शॉटना जोडण्याची पद्धत आणि डेलीजमध्ये सूचना घेण्याची शिस्त मला प्रत्यक्ष कामात शिकायची आहे.’ जे सॉफ्टवेअर हाताळलेले नाही, त्याचे नाव कौशल्यात घालू नये.

पत्र एका पानात बसवावे. लघुपटाची लिंक पहिल्या परिच्छेदातच द्यावी, पासवर्ड असेल तर तो लिंकशेजारीच लिहावा आणि पाठवण्याआधी ती लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावी.