आधी लेटर, मग राजीनामा

हिंजवडीतल्या आयटीवाल्यांना हा फोन चांगला ओळखीचा आहे. "तुमचं सिलेक्शन झालंय, पॅकेज अठरा लाख. नोटीस नव्वद दिवसांची आहे ना? मग आजच पेपर टाका, लेटर पुढच्या आठवड्यात पाठवतो." बोलणारा बहुधा खोटं बोलत नसतो. पण तो कन्सल्टन्सीचा किंवा एचआरचा माणूस असतो, आणि त्या आकड्याला वरिष्ठांची मंजुरी अनेकदा यायची असते. तेवढ्यात प्रोजेक्ट हातचा गेला किंवा भरती थांबली, की ऑफर फोनवरच राहते. इकडे राजीनामा मंजूर झालेला असतो, आणि तो मागे घेऊ द्यायचा का, हे जुनी कंपनी ठरवते.

१८७२च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही चालतो. अडचण पुराव्याची आहे. शिवाय खासगी कंपनीने नोकरी द्यावीच, असा आदेश न्यायालय सहसा देत नाही. फार तर नुकसानभरपाई मिळू शकते, तीही कागद असेल तर.

म्हणून फोन ठेवल्यावर त्याच दिवशी मेल करावा: आपण फोनवर सांगितलेलं पद, कामाचं ठिकाण, पगार आणि रुजू होण्याची तारीख अशी आहे, ऑफर लेटर मिळाल्यावर मी राजीनामा देईन आणि तिथून नव्वद दिवसांत रुजू होईन. यात उद्धटपणा काही नाही. "आधी राजीनाम्याचा पुरावा दाखवा" असं उत्तर आलं, तर राजीनाम्याच्या अटीसह लेटर मागावं. 'लेटर ऑफ इंटेंट' आलं तर ते नीट वाचावं. अनेकदा त्यात फक्त इरादा असतो, बांधिलकी नसते.

लेटर हातात आलं की अठरा लाखांची फोड दिसते, आणि फोनवर ती कधीच कळत नाही. समजा त्यात २ लाख व्हेरिएबल आहेत आणि १ लाख जॉइनिंग बोनस, तोही वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करायचा. बेसिक महिना ६० हजार असेल, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला ८६,४०० रुपये आणि ग्रॅच्युइटी सुमारे ३४,६०० रुपये. हेही त्याच अठरा लाखांत धरलेलं असतं. उरतात महिन्याला सुमारे १ लाख १५ हजार, आणि त्यातून स्वतःचा पीएफ व कर अजून कापला जायचा असतो. दीड लाखाच्या हिशेबाने घराचा हप्ता ठरवणाऱ्याने हे राजीनाम्याआधी पाहायला हवं.

ऑफर किती तारखेपर्यंत वैध आहे, पार्श्वभूमी तपासणीची अट काय आहे, सही कोणाची आहे आणि मेल कंपनीच्याच पत्त्यावरून आला आहे का, हेही बघावं.

लेटर म्हणजे पूर्ण हमी नव्हे. इन्फोसिसच्या २०२२च्या कॅम्पस भरतीतल्या अनेक मुलांना ऑफर लेटर असूनही दोन वर्षं थांबावं लागलं. पण हातात लेटर होतं, म्हणूनच पुण्याच्या 'नाइट्स' या कर्मचारी संघटनेला त्यांची तक्रार केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे नेता आली. फोनवरच्या शब्दावर पेपर टाकणाऱ्याकडे दाखवायला तेवढंही नसतं. लेटर येईपर्यंत आठवडाभर थांबा. ज्या कंपनीला तेवढाही धीर नाही, तिच्यासाठी चालू नोकरी सोडू नका.