वाफा कॉफीच्या की वयाच्या?

पाळी जायच्या सुमारास अंगातून वाफा निघू लागल्या की सल्ल्यांना तोटा नसतो. जाऊ सांगते चहा कमी कर, भिशीतली मैत्रीण सांगते कॉफी बंदच करून टाक. ऋतुसमाप्तीवरच्या बहुतेक माहितीपत्रकांतही तिखट जेवण, दारू आणि कॉफी हे त्रिकूट ठरलेलं असतं. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते आणि वाफांचा त्रास पुढे कित्येक वर्षं चालू राहू शकतो. म्हणजे ही कॉफीबंदी आठवड्याभराची नव्हे. एवढा मोठा काळ आवडीच्या कपावर पाणी सोडायचं, तर गुन्हा कॉफीचाच आहे की नाही हे आधी पाहायला हवं.

या प्रश्नावरचा गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा आहे. डॉ. स्टेफनी फॉबियन आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०११ या काळात तिथल्या स्त्री-आरोग्य विभागात आलेल्या १,८०६ स्त्रियांच्या प्रश्नावल्या तपासल्या. पाळी पूर्ण गेलेल्या ज्या स्त्रिया कॅफीन घेत होत्या, त्यांना वाफांचा त्रास थोडा जास्त जाणवत होता. फरक मोठा नव्हता, पण होता. बातम्यांचे मथळे इथेच थांबले. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र मागे पडली: ज्यांची पाळी अजून पुरती गेली नव्हती, मागेपुढे होत होती, त्यांच्यात कॅफीन घेणाऱ्यांना मनःस्थिती, स्मरणशक्ती आणि एकाग्रतेच्या तक्रारी कमी होत्या.

शिवाय हा अभ्यास एका वेळच्या उत्तरांवर उभा होता. कॉफीने वाफा वाढल्या, की वाफांमुळे रात्री झोप झाली नाही म्हणून सकाळी कॉफी वाढली, हे त्यातून कळू शकत नाही. उत्तर अमेरिकेतल्या ऋतुसमाप्ती-तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये हार्मोनविरहित उपचारांचा आढावा घेतला. वाफा कमी करण्यासाठी निव्वळ ‘उद्दीपक टाळा’ हा उपाय शिफारस करण्याइतका पुरावा तिला सापडला नाही. सगळ्यांना सरसकट कॉफी सोडायला सांगावं असं काही हाती नाही, पण एखाद्या बाईला कॉफी खरोखर बाधत असेल ही शक्यता उरतेच.

ती का उरते, हे कळायला वाफ म्हणजे काय ते पाहावं लागतं. शरीराचं तापमान एका पट्ट्यात हलतं. त्या पट्ट्याच्या आत असेपर्यंत घामही येत नाही आणि थंडीही वाजत नाही. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्ट फ्रीडमन यांनी हा पट्टा मोजला. वाफा न येणाऱ्या स्त्रियांत तो सुमारे ०.४ अंश सेल्सिअसचा होता, वाफा येणाऱ्यांत जवळजवळ शून्य. इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी अतिउत्तेजित होतात आणि हा पट्टा आक्रसतो. मग तापमान किंचित वर सरकलं तरी शरीराला वाटतं फार उकडतंय. छाती, मान, चेहरा तापतो, घाम फुटतो आणि दोन-चार मिनिटांनी उलट हुडहुडी भरते.

फ्रीडमन यांच्याच प्रयोगांत शरीरातलं नॉरॲड्रेनलिन वाढवणारं औषध दिल्यावर वाफा आल्या. कॅफीनही ॲडेनोसिनचं काम अडवून शरीराला तसंच थोडं सजग करतं. म्हणून कॉफीवरचा संशय अगदीच निराधार नाही. पण कपात आणखी एक आरोपी असतो, तो म्हणजे खुद्द उष्णता. पट्टाच शून्यावर आला असेल तर वाफाळतं काहीही पुरेल, मग ती कॉफी असो, सूप असो की गरम आमटी.

आता रोजच्या अनुभवाकडे बघू. ‘मला कॉफी प्यायली की येतेच’ असं सांगणारी बाई खोटं बोलत नसते. पण सकाळची कॉफी ज्या वेळी होते, त्याच वेळी गॅस पेटलेला असतो, डबे भरायचे असतात, आंघोळीचं पाणी तापलेलं असतं. शिवाय कॉफीनंतर आलेली वाफ लक्षात राहते आणि कॉफीविना आलेल्या चार विसरल्या जातात. वाफांवरच्या औषध-चाचण्यांत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांच्याही वाफा बऱ्याच कमी होतात. जुन्या चाचण्यांच्या एका मोठ्या आढाव्यात ही घट निम्म्याहून अधिक होती. तेव्हा कोणी कॉफी सोडली आणि पंधरा दिवसांत बरं वाटलं, तर त्यातलं कॅफीनचं श्रेय किती आणि आशेचं किती, हे नुसतं आठवून सांगता येत नाही.

यावर घरच्या घरी करता येण्यासारखा उपाय म्हणजे, पिणाऱ्या बाईला कपात काय आहे हे कळू न देणं.

समजा, बावन्न वर्षांच्या सुनीताताई. या काल्पनिक आहेत, पण त्यांचा दिनक्रम ओळखीचा वाटेल. सकाळी सातला, ऑफिसात अकराला आणि संध्याकाळी पाचला इन्स्टंट कॉफी, शिवाय दोन कप चहा. इन्स्टंटच्या कपात साधारण ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, चहाच्या कपात पत्तीनुसार ३० ते ६५. म्हणजे त्यांचा दिवसाचा हिशोब साधारण २१० ते ३२५ मिलिग्रॅमच्या मधला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने घालून दिलेली मर्यादा ३०० आहे, तेव्हा फार तर त्या मर्यादेच्या किंचित वर जातात, फार पितात असंही नाही.

पहिला आठवडा त्या काहीच बदलत नाहीत, फक्त वहीत नोंद करतात. नुसती उष्णता जाणवली तर १ गुण. घाम आला पण हातातलं काम चालू राहिलं तर २. काम थांबवून पंख्याखाली बसावं लागलं तर ३. दिवसात दोन हलक्या, तीन मध्यम आणि एक तीव्र वाफ आली, तर बेरीज ११. वेळही लिहायची, कारण नंतर ती उपयोगी पडते.

मग घरातलं दुसरं माणूस कामाला लागतं. त्यांची मुलगी नेहमीची इन्स्टंट कॉफी आणि डिकॅफ इन्स्टंट, अशा दोन बाटल्या आणून लपवून ठेवते. सहा चिठ्ठ्या करते, तीन नेहमीच्या आणि तीन डिकॅफच्या, आणि ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने सहा आठवडे लावते. ही यादी तिच्याचजवळ. दर रविवारी ती त्या आठवड्याची पावडर एकाच साध्या डबीत भरते, ऑफिससाठी त्यातलीच छोटी डबी. पहिले दोन दिवस मात्र ती प्रत्येक आठवड्यात दोन्ही पावडरी निम्म्या-निम्म्या मिसळते. कॅफीन एकदम तुटलं की १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं आणि गुपित तिथेच फुटतं. शिवाय मागच्या आठवड्याचा परिणाम ओसरायलाही वेळ मिळतो. म्हणून सोमवार ते बुधवारच्या नोंदी सोडून गुरुवार ते रविवारचीच बेरीज धरायची.

दूध, साखर आणि कपाची ऊन-गार अवस्था सहाही आठवडे सारखी हवी. चहाही दोनच कप, त्याच वेळी. डिकॅफची चव थोडी वेगळी लागते, पण मराठी घरात कॉफीवर जायफळ किसून घालायची रीत आहे, ती इथे फार कामाला येते.

सहा आठवड्यांनी यादी उघडते. समजा कॉफीच्या आठवड्यांची चार दिवसांची बेरीज आली ४४, ३९ आणि ४२, तर डिकॅफच्या आठवड्यांची ४०, ४५ आणि ३८. आकडे एकमेकांत मिसळले आहेत. असलाच तर फरक इतका लहान, की त्यासाठी कॉफी सोडण्यात अर्थ नाही. याउलट डिकॅफचे आकडे २९, ३३ आणि २७ आले, तर डिकॅफचा सर्वांत वाईट आठवडाही कॉफीच्या सर्वांत चांगल्या आठवड्याहून हलका ठरला. कॉफीचा काहीच संबंध नसताना केवळ योगायोगाने अशी सरळ विभागणी होण्याची शक्यता वीसात एक. चार आठवड्यांवर भागवलं असतं तर तीच शक्यता सहात एक झाली असती, आणि तेवढ्यावर कुणाला दोषी ठरवणं घाईचं. यादी उघडण्याआधी सुनीताताईंनी कोणता आठवडा कोणता, याचा अंदाज लिहून ठेवायचा. सगळे अंदाज बरोबर आले तर गुपित राहिलंच नव्हतं, आणि निकालही तेवढाच कच्चा.

वेळेची नोंद इथे कामी येते. दोन्ही प्रकारच्या आठवड्यांत कप संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांत वाफ येत असेल, तर दोष उष्णतेचा दिसतो. अशा बाईने कॉफी कोमट करून प्यावी, सोडायची गरज नाही.

रात्रीचा हिशोब वेगळा ठेवावा. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. संध्याकाळी पाचच्या कपातलं कॅफीन रात्री दहाला निम्मं शिल्लक असतं. त्याने झोप सावध होते, आणि एरवी झोपेत निघून गेली असती अशी वाफही बाईला जागं करते. वाफा तेवढ्याच, पण त्रास दुप्पट. रात्रीचे आकडेच डिकॅफवर सुधारले, तर तिन्ही कपांऐवजी संध्याकाळचा एकच कप बदलून भागतं.

काही गोष्टी या चाचणीच्या कक्षेत येत नाहीत. कॅफीनने नुसती छाती धडधडते, हात थरथरतात; त्यात चेहरा तापणं आणि मागून हुडहुडी नसते. ती वाफ नव्हे. वजन उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, रात्रीच्या घामाने कपडे भिजत असतील, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. थायरॉइड वाढल्यावर आणि क्षयरोगातही घाम येतो, नैराश्यावरच्या काही औषधांनीही येतो. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा.

निकाल कायमचाही नसतो. डॉक्टरांनी पुढे इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू केल्या तर यकृतात कॅफीन मोडण्याचा वेग मंदावतो आणि तोच कप अंगात जास्त वेळ राहतो. सिगारेट ओढणाऱ्या बाईत उलट घडतं. तिच्या शरीरातून कॅफीन भराभर जातं, आणि तिने सिगारेट सोडली की जुन्याच तीन कपांचं कॅफीन रक्तात पूर्वीपेक्षा बरंच वाढतं. गोळ्या सुरू झाल्यावर किंवा सिगारेट सुटल्यावर महिन्या-दीड महिन्याने डबी आणि चिठ्ठ्या पुन्हा काढाव्या लागतात.